दुभाष्याला किती जागा?

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर सूचनांचे व्हिडिओ येऊ लागतात. मधोमध बोलणारे अधिकारी, मागे नकाशा, वर कार्यालयाचं बोधचिन्ह, खाली धावती पट्टी, आणि उरलेल्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल. गोलात कुणीतरी हातवारे करत असतं. ऐकू येणाऱ्यांची नजर त्या गोलावरून क्षणभर फिरते, कर्णबधिरांचीही सोय केली म्हणून बरं वाटतं आणि ती पुढे सरकते. ज्यांच्यासाठी तो गोल आहे त्यांना त्यातलं काही कळतं का, हे मोजायला खरं तर एक फूटपट्टी पुरते.

तर मोजू. नेहमीचा आडवा व्हिडिओ 1920 बाय 1080 बिंदूंचा असतो. त्यातला गोल साधारण 250 बिंदू व्यासाचा धरला, तर तो पडद्याचा जेमतेम सव्वादोन ते अडीच टक्के भाग व्यापतो. हा व्हिडिओ बहुतेक लोक फोन उभा धरूनच बघतात. फोनची रुंदी सात सेंटिमीटर धरली, तर आडव्या व्हिडिओची उंची उरते चार सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी आणि गोलाचा व्यास नऊ मिलिमीटर. त्या नऊ मिलिमीटरांत कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंतचा माणूस बसवला की हनुवटीपासून टाळूपर्यंतचा चेहरा दोन मिलिमीटरही भरत नाही.

चेहरा एवढा महत्त्वाचा का, असं कुणी विचारेल. भाषा तर हातांची आहे. इथेच बहुतेकांची गफलत होते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ते मराठीचंही नाही आणि हिंदीचंही नाही, आणि त्या व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर चालतो. 'कुठे', 'कधी', 'काय' हे प्रश्नार्थी शब्द या भाषेत सहसा वाक्याच्या शेवटी येतात, नकारही शेवटी येतो आणि त्याच्या जोडीला मान हलते. विधान आहे की प्रश्न, हे डोळे, भुवया आणि डोक्याचा कल सांगतात. पाऊस किती जोराचा, पाणी किती वेगाने चढतंय, हे गालांवरून आणि ओठांवरून कळतं. म्हणजे दुभाषीचे हात दिसले पण चेहरा दिसला नाही, तर 'पुलावरून जाऊ नका' या सूचनेतला 'नका' निसटू शकतो. आणि पुराच्या सूचनेत महत्त्वाचा शब्द तोच असतो.

गोलाचा दुसरा दोष आकाराचा. सांकेतिक भाषेला मोकळी जागा लागते: खाली कमरेपर्यंत, वर डोक्याच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना कोपर बाहेर काढता येतील एवढी. मोठ्या माणसासाठी ही चौकट साधारण 90 सेंटिमीटर रुंद आणि 120 सेंटिमीटर उंच धरायला हरकत नाही. गोलात चेहरा मोठा करायला गेलं की कोपर कापले जातात, कोपर वाचवायला गेलं की चेहरा ठिपक्याएवढा होतो. गोल दिसायला सुबक असतो, म्हणून डिझाइनरला तो आवडतो. भाषेच्या दृष्टीने त्याच्यात एकही गुण नाही.

ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने याबद्दल एक साधं माप सांगून ठेवलं आहे. दुभाष्याची प्रतिमा शक्यतो पडद्याच्या उजव्या बाजूला असावी आणि तिने चित्राच्या एक षष्ठांशापेक्षा कमी जागा घेऊ नये. एक षष्ठांश म्हणजे आपल्या त्या गोलाच्या सातपट. हे किमान माप आहे, आदर्श नव्हे. पण किमान मापातही आकार चुकला तर अर्धा फायदा वाया जातो. एक षष्ठांश जागा आडव्या खिडकीत दिली, तर ती खिडकी 784 बाय 441 बिंदूंची होते. दुभाषीच्या डावी-उजवीकडे भिंत दिसत राहते आणि फोनवर चेहरा तीन मिलिमीटरचा उरतो. तेवढीच जागा 510 बाय 680 अशी उभी दिली, की चेहरा पाच मिलिमीटरच्या जवळ पोचतो. एक पैसा जास्त खर्च न करता, फक्त खिडकी उभी करून.

याहून चांगली मांडणी आहे, आणि तिचं गणितही गमतीशीरपणे नेमकं जुळतं. मूळ चित्र दोन तृतीयांशावर आणायचं, म्हणजे ते 1280 बाय 720 चं होतं. ते डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवलं की उजवीकडे 640 बिंदू रुंदीचा, पूर्ण उंचीचा उभा खांब दुभाषीसाठी मोकळा राहतो आणि चित्राखाली 360 बिंदू उंचीचा पट्टा उरतो. त्या पट्ट्यात उपशीर्षकं, मदत क्रमांक, कार्यालयाचं नाव, सगळं बसतं. कुणी कुणावर चढत नाही. दुभाषीचा चेहरा फोनवर सहा मिलिमीटरचा होतो. किंमत एकच: मूळ चित्रातली अक्षरं दोन तृतीयांश होतात, म्हणून तक्त्यांवरची अक्षरं आधीच मोठी काढावी लागतात. हे आधीच म्हणजे चित्रीकरणापूर्वी. व्हिडिओ पूर्ण झाल्यावर दुभाषी आठवली की तिच्या वाट्याला शिल्लक कोपराच येतो, आणि गोलाचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. समजा, या प्रसंगासाठी एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. सूचना चारच: धरणातून विसर्ग वाढवला आहे, नदीपात्रातली वाहनं काढा, भिडे पुलावरून जाऊ नका, अडचण आल्यास अमुक क्रमांकावर संदेश पाठवा. मागे नकाशा. नकाशात उत्तर वर, म्हणून धरण डावीकडे खाली आणि डेक्कनचा परिसर उजवीकडे वर.

सांकेतिक भाषेत ही माहिती एकामागून एक शब्द ठेवून सांगितली जात नाही. दुभाषी समोरच्या हवेत जागा नेमून देते: धरण इथे, नदी अशी वाहते, पूल इथे. एक हात पूल होतो, दुसरा हात पाणी होऊन वर चढतो आणि पहिल्यावरून पलीकडे जातो. हे वाक्य बघणाऱ्याला चित्रासारखं स्वच्छ कळतं. पण दुभाषीने सहजपणे स्वतःच्या डाव्या हाताला धरण ठेवलं, तर ते बघणाऱ्याच्या उजवीकडे येतं. शेजारच्या नकाशात मात्र धरण डावीकडे आहे. नुसती दुभाषी दिसत असती तर अडलं नसतं, कारण समोरच्याची डावी-उजवी उलटून घेण्याची सवय सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांना असते. शेजारी नकाशा आला की दोन चित्रं एकमेकांविरुद्ध बोलू लागतात, आणि पाणी कुठून कुठे येतंय हे ठरवण्यात बघणाऱ्याचे दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

उपाय अवघड नाही. दुभाषीसमोर मॉनिटर हवा, त्यावर शेवटी दिसणारी पूर्ण चौकट हवी, नकाशासकट. मग ती धरण आपल्या उजव्या हाताला ठेवते आणि सगळं जुळतं. उजवी बाजू दुभाषीला देण्यामागचं एक व्यावहारिक कारणही इथे लक्षात येतं. बहुतेकांचा मुख्य हात उजवा असतो. ती पडद्याच्या उजवीकडे उभी असेल तर तिचा उजवा हात चित्राच्या बाजूला येतो आणि नकाशाकडे बोट दाखवताना तिला अंगावरून हात ओढावा लागत नाही. दुभाषी डावखुरी असेल, तर तिला डावीकडे जागा देण्याचा विचार जरूर करावा.

मात्र एक गोष्ट कधीही करू नये. संकलनाच्या टेबलावर 'ही इकडे बघते, तिला तिकडे बघायला लावू' म्हणून दुभाषीचं चित्र आरशासारखं उलटवलं जातं. बोलणाऱ्या माणसाचं चित्र उलटवलं तर शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, बाकी काही बिघडत नाही. दुभाषीचं उलटवलं तर ती रातोरात डावखुरी होते, तिने दाखवलेल्या सगळ्या दिशा फिरतात, आणि 'डावीकडच्या रस्त्याने बाहेर पडा' ही सूचना लोकांना पाण्याकडे पाठवते. ही चूक ऐकू येणाऱ्या संकलकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याला ध्वनी ऐकून व्हिडिओ बरोबरच वाटतो.

चित्रीकरणातल्या चुकाही अशाच, डोळ्यांसमोर असून न दिसणाऱ्या. पहिली वेगाची. आपल्याकडे बरेच व्हिडिओ सेकंदाला 25 चित्रांनी घेतात आणि कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं ठेवतात. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला, तर तेवढ्या वेळात तो चार सेंटिमीटर सरकतो. बोटाची रुंदी दीड सेंटिमीटर. म्हणजे एका चित्रात बोटांऐवजी फक्त धूसर पट्टा उमटतो. गावांची नावं अक्षरं जुळवून सांगताना तर काहीच हाती लागत नाही. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणलं की हा फराटा निम्मा होतो. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ असल्यामुळे या वेगाला दिवेही लुकलुकत नाहीत; फक्त उजेड दुप्पट लागतो. ज्या खोलीत अधिकाऱ्याचं चित्रण झालं तिथल्याच एका ट्यूबलाइटखाली दुभाषीला उभं केलं, तर तो उजेड मिळत नाही.

दुसरी पार्श्वभूमीची. दुभाषीला हिरव्या पडद्यासमोर उभं करून मागचा रंग काढून टाकायचा आणि तिला थेट नकाशावर चिकटवायचं, ही सध्या लोकप्रिय पद्धत आहे. वेगाने फिरणाऱ्या बोटांच्या धूसर कडा हिरव्यात मिसळतात आणि सॉफ्टवेअर हिरव्याबरोबर बोटंही खाऊन टाकतं. वर नकाशाच्या निळ्या-लाल रेषांवर हात शोधावे लागतात ते वेगळंच. एकरंगी, न चमकणारी, त्वचेच्या रंगापासून वेगळी उठणारी साधी भिंत यापेक्षा कितीतरी बरी. कपड्यांचंही तेच. सणासुदीची नक्षीची साडी, हातभर बांगड्या, चमकणारं घड्याळ, हे सगळं हातांशी स्पर्धा करतं. अनुभवी दुभाषी हे सांगायची वेळ येऊ देत नाहीत. एकरंगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा शर्ट त्या स्वतःच घालून येतात.

तिसरी वेळेची, आणि ती संकलनात होते. दुभाषी ऐकते, अर्थ लावते आणि मग सांगते, त्यामुळे ती बोलणाऱ्याच्या दोन-चार सेकंद मागे असते. अधिकारी 'धन्यवाद' म्हणाले की संकलक पडदा काळा करतो. दुभाषीचं शेवटचं वाक्य अजून हातातच असतं, आणि शेवटचं वाक्य म्हणजे बहुतेकदा मदत क्रमांक. भिडे पुलाच्या आपल्या व्हिडिओत अधिकाऱ्यांचं बोलणं संपल्यावर पाच सेकंद तरी चौकट तशीच ठेवायला हवी. नकाशा पडद्यावर येतो तेव्हाही थोडी उसंत लागते. ऐकणारा माणूस नकाशा बघता बघता ऐकतो. कर्णबधिर माणसाला एकाच डोळ्यांनी आधी दुभाषी बघायची असते आणि मग नकाशा. दोन्ही एकदम सुरू झालं तर त्याला एक सोडावं लागतं. नकाशा आल्यावर बोलणारा तीन सेकंद गप्प राहिला, तर ऐकणाऱ्याचं काही नुकसान होत नाही.

उपशीर्षकं दिली की हे सगळं टळत नाही का? टळत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते आणि लिखित मराठी ही नंतर, कष्टाने शिकलेली दुसरी भाषा. हाच मुद्दा 2020 मध्ये अमेरिकेत थेट न्यायालयात गेला. कोविडच्या काळात व्हाइट हाउसच्या वार्ताहर बैठकांत दुभाषी नव्हता. कर्णबधिरांची राष्ट्रीय संघटना आणि काही कर्णबधिर नागरिक दाव्याला उभे राहिले. उपशीर्षकं आणि लिखित मजकूर आहे की, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ते मान्य केलं नाही आणि सप्टेंबरमध्ये आदेश दिला की 1 ऑक्टोबरपासून महासाथीविषयीच्या बैठकांत दुभाषी चौकटीत दिसलाच पाहिजे. तो बोलणाऱ्याच्या शेजारी उभा असो किंवा दुसरीकडून चित्रातल्या चित्रात दाखवलेला असो.

त्याआधी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये अशीच एक लढाई झाली होती, आणि ती जागेच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या रोजच्या बैठकांना दुभाषी होता, पण तो वेगळ्या प्रक्षेपणावर, संकेतस्थळावर. टीव्हीवरच्या चौकटीत तो नव्हता. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याने काय करायचं? न्यायालयाने दुभाषीला टीव्हीच्या चौकटीत आणायला लावलं.

थेट प्रक्षेपणात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे कॅमेरामनची सवय. दुभाषी मंत्र्यांच्या शेजारी अगदी नीट उभी असते. मंत्री काही महत्त्वाचं बोलू लागले की कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याकडे सरकतो आणि नेमक्या त्या वाक्याला दुभाषी चौकटीबाहेर जाते. वाहिन्यांच्या प्रतिनिधींनी स्वतःचे कॅमेरे लावले असतील तर प्रत्येक वाहिनीची चौकट वेगळी. म्हणून खबरदारी घेणारे आयोजक दुभाषीसाठी स्वतंत्र, न हलणारा कॅमेरा ठेवतात आणि दोन्ही चित्रं जोडलेलं एकच प्रक्षेपण सगळ्या वाहिन्यांना देतात. वाहिनीने त्यावर आपली पट्टी चढवली तर काय, याचाही विचार करून दुभाषीच्या हाताखाली थोडी मोकळी जागा सोडतात.

भारतात कायदा कमी पडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत सांकेतिक भाषेतील भाषांतर आणि उपशीर्षकं यांचा उल्लेख आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर 2019 मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी सुगम्यतेचे निकषही जाहीर केले. तरीही पडद्यावरची जागा मागून घ्यावी लागते. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या मदतीने आभासी सुनावणीत भाग घेतला, तेव्हा दुभाष्याला पडद्यावर जागा द्यायला नियंत्रण कक्ष सुरुवातीला राजी नव्हता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या परवानगीनंतर तो दिसू लागला.

गंमत म्हणजे उभ्या व्हिडिओने, ज्याला चित्रपटवाले नाकं मुरडतात, दुभाषीचं भलं होऊ शकतं. 1080 बाय 1920 च्या उभ्या चौकटीत वर अधिकारी 608 बिंदू उंचीच्या आडव्या खिडकीत ठेवले आणि त्याखाली 900 बिंदू दुभाषीला दिले, तर तिचा चेहरा फोनवर अकरा मिलिमीटरचा होतो. गोलातल्या चेहऱ्याच्या सहापट. खाली चारशे बिंदू उरतात. तिथे ॲपवाले खात्याचं नाव आणि मजकूर दाखवतात, म्हणून ते रिकामेच ठेवायचे. ॲपची बटणं उजव्या कडेला येतात, पण दुभाषी मधोमध असल्याने तिचे हात त्यांच्याखाली जात नाहीत. आडव्या व्हिडिओची उजवी-खालची खिडकी मात्र तशीच उभ्या व्हिडिओत उचलून ठेवली, तर बटणं तिच्या हातांवर आणि मजकूर तिच्या पोटावर येतो. अशा रील्स रोज दिसतात.

आधी ध्वनिमुद्रित होणाऱ्या व्हिडिओत ऐकू येणाऱ्या दुभाष्याऐवजी कर्णबधिर निवेदकच घेता येतो. संहिता आधी हातात असते, सराव करता येतो, आणि पहिली भाषा बोलणाऱ्याचा सहजपणा मिळतो. अचानक उद्भवलेल्या थेट बैठकीत ते अवघड; तिथे प्रशिक्षित दुभाषीच हवा. 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या मॅनाटी काउंटीने थेट प्रक्षेपणात आपल्याच एका जीवरक्षक कर्मचाऱ्याला उभं केलं, कारण त्याचा भाऊ कर्णबधिर होता. तो चौकटीत स्वच्छ दिसत होता, बोलणाऱ्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे प्रेक्षकांना हेही स्वच्छ दिसलं की तो वादळाच्या सूचनेत मधूनच 'पिझ्झा' आणि 'राक्षस' म्हणतो आहे.

महापालिका, जिल्हा प्रशासन किंवा आरोग्य विभागासाठी असे व्हिडिओ करून घेणाऱ्यांनी निविदेत 'सांकेतिक भाषेची सोय असावी' एवढं मोघम वाक्य लिहून थांबू नये, कारण त्या वाक्यात गोल बसतो. जागा किमान एक षष्ठांश, खिडकी उभी, चित्र उलटवायचं नाही, शेवटी पाच सेकंद मोकळे, आणि प्रसिद्ध करण्याआधी एका कर्णबधिर व्यक्तीला तो व्हिडिओ फोनवर दाखवून 'काय कळलं?' असं विचारायचं, एवढं त्यात लिहावं. माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात कर्णबधिरांची स्वतःची संघटना आहे.